लिंबू कडवतं ते विळीवर

माझं माहेर अमरावतीचं आणि सासर अकोल्याचं. दोन्ही घरी लिंबाचं लोणचं वर्षभराचं घालायची रीत. त्यामुळे कडू झालेल्या बरण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक बरणीमागची कारणमीमांसाही ऐकली आहे. कुणी मिठाला दोष देतं, कुणी ढगाळ हवेला, कुणी हळदीला. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा लोणचं कडू होणार की नाही हे मीठ घालायच्या आधीच ठरलेलं असतं. कोणतं फळ आणलं आणि ते कसं चिरलं, यावर निम्म्याहून जास्त काम होऊन जातं. मीठ आणि मुरवणं पुढचं सांभाळतात, पण विळीवर बिघडलेलं लोणचं बरणीत पूर्ण सुधारत नाही.

१. कडू म्हणजे नेमकं कोणतं कडू, ते आधी जिभेवर ओळखावं.

लिंबाच्या लोणच्यात कडूपणा तीन ठिकाणांहून येतो आणि तिन्हींची चव वेगळी लागते.

पहिला सालीच्या तेलाचा. लिंबाच्या सालीवर जे बारीक टिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या असतात. साल नखाने दाबली की त्यातून फवारा उडतो. हे तेल जिभेच्या टोकाला चरचरतं, घशाला झोंबतं. ताज्या लोणच्यात ते हटकून जाणवतं आणि मुरत गेलं की कमी होतं. पहिल्या आठवड्यात चव घेऊन "कडू झालं वं बाई" म्हणून हात आखडणाऱ्या पुष्कळ जणी याच चवीला फसतात.

दुसरा कडूपणा बियांचा आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या थराचा. हा खरा वैरी. हा लगेच लागत नाही. फोड चावून गिळली, आंबट-खारट सगळं ओसरलं, की मग जिभेच्या मागच्या बाजूला उगवतो आणि पाणी प्यायलं तरी रेंगाळतो. त्याला कारणीभूत असलेल्या पदार्थाचं नाव लिमोनिन. लिंबू-संत्र्याच्या जातकुळीतल्या फळांच्या बियांत तो भरपूर असतो, आणि तो 1841 सालापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पण तो लोणच्यात उशिरा का उगवतो, हे समजायला आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याकडे पाहावं. वरूड-मोर्शीकडच्या कुणालाही विचारा, संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो, आणि तोच पेला दोन-चार तास ठेवला की कडवट होतो. फळ अखंड असतं तेव्हा त्याच्या गरात, पापुद्र्यात एक बिनकडू पदार्थ असतो. फळ चिरलं, पिळलं, की तो आंबट रसात मिसळतो आणि त्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं कडू लिमोनिन बनतं. 1968 च्या सुमारास अमेरिकेत संत्र्याच्या रसावर काम करणाऱ्यांनी हे उलगडलं. लिंबाचा रस संत्र्यापेक्षा कितीतरी आंबट, आणि लोणच्यात तर फोडी महिनोन् महिने त्या रसात बुडून असतात. चिरताना चव घेऊन लिंबू कडू नाही असं ठरवणं म्हणूनच व्यर्थ आहे.

तिसरा कडूपणा लिंबाचा नव्हेच, तो मसाल्याचा. करपलेली मेथी, सालासकट फार बारीक कुटलेली मोहरी, जळलेला हिंग. हा कडूपणा खारात असतो, फोडीत नसतो. फोड रसातून काढून पुसून नुसती चावून पाहिली की लगेच कळतं.

२. हिरवं लिंबू लोणच्याला घेऊ नये, कितीही ताजं दिसलं तरी.

बाजारात हिरवीगार, टणक लिंबं जास्त येतात, कारण ती टिकतात आणि वाहतुकीला सोयीची पडतात. सरबताला ती चालतात. लोणच्याला नाही. फळ झाडावर पक्व होत जातं तसतसा त्यातला तो कडूपणाचा मूळ पदार्थ आपोआप घटत जातो. फळ त्याला साखरेशी जोडून बिनकडू करत असतं. तोडल्यावरही हे काम काही दिवस संथपणे चालू राहतं. म्हणून पिवळं पडत आलेलं लिंबू आणून टोपलीत सावलीला दोन-तीन दिवस पसरून ठेवायचं, ही जुन्या बायांची सवय अगदी शास्त्राला धरून आहे. त्या दिवसांत सालीतलं थोडं पाणीही उडतं, साल पातळ आणि लवचीक होते.

आमच्याकडे लिंबाचे तीन बहार. आंबिया बहाराचं फळ पावसाळ्यात उतरतं, मृगाचं हिवाळ्यात, आणि हस्ताचं उन्हाळ्यात, जेव्हा भाव कडाडलेले असतात. स्वस्ताई पाहून पुष्कळ जणी पावसाळ्यात लोणचं घालतात. मी तो मोह टाळते. पावसाळी लिंबं पाण्याने फुगलेली असतात, साल ओलसर असते, ऊन मिळत नाही आणि बुरशीची धास्ती लागून राहते. पौष-माघातलं मृग बहाराचं पिवळं लिंबू मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. हवा कोरडी असते, फळ झाडावर पिकलेलं मिळतं, आणि तेव्हा मीठ लावलेल्या फोडी चैत्राच्या उन्हापर्यंत शांतपणे मुरतात.

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी नावाजलेलं आहे. तिकडचं कागदी लिंबू आणलं तर निवडायला फार त्रास पडत नाही. नाव कागदी असलं तरी प्रत्येक फळाची साल पातळ असतेच असं नाही, त्यामुळे मी बाजारात एक लिंबू चिरून मागते. चिरल्यावर सालीखालचा पांढरा थर नखाच्या कडेएवढाही दिसला नाही तर घ्यायचं. तो थर स्पष्ट, स्पंजासारखा दिसला तर भाव पाडून दिला तरी नको. राहुरीच्या विद्यापीठाची साई सरबती ही जातही पातळ सालीची आहे, आणि ती मिळाली तर लोणच्याला छान.

एक खबरदारी संत्र्याच्या भागातल्यांसाठी. संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात. कलमाच्या खालून फूट आली आणि ती छाटायची राहून गेली, की तिला जंबेरी लागतात. फळ पिवळं, लिंबासारखं आंबट, फुकटचं, म्हणून घरात येतं. पण त्याची साल खडबडीत आणि जाड असते. जंबेरीचा रस लोणच्यात जरूर घालावा, साल घालू नये.

सालीवर खैऱ्या रोगाचे खरखरीत डाग असतील तर ती लिंबं रसासाठी वेगळी काढावीत. डागाची खपली मुरत नाही आणि दाताखाली येते.

३. धुतल्यावर एक रात्र जाऊ द्यावी.

याला फार शब्द नकोत. लिंबं धुवावीत, एकेक पुसावं, पंचावर पसरून रात्रभर ठेवावीत. देठाच्या खळग्यात पाणी दडून बसतं, ते कापडाच्या टोकाने टिपावं. खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं पाणी मुळातच मचूळ असतं, ते सालीवर वाळलं तर पांढरा पापुद्रा राहतो. तिथे शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करावं.

फळं थोडी हिरवट राहिलीच असतील आणि थांबायला वेळ नसेल, तर अखंड लिंबं उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवता येतात. पाण्याला कडवट वास येतो, तो सालीतल्या तेलाचा असतो. तेवढं तेल कमी होतं आणि साल लवकर मऊ पडते. पाणी फेकून द्यायचं आणि लिंबं पूर्ण कोरडी करायची. पण एकही लिंबू फुटलेलं नसावं. चिरलेल्या फोडी वाफवण्याची जी झटपट रीत आहे, तिच्यात मात्र कडूपणा उलट वाढतो, कारण उष्णतेने तो आंबट रसातला बदल भराभर होतो. दोन दिवसांत खायचं लोणचं म्हणून वाफवलेल्या फोडी केल्या तर गूळ सढळ हाताने घालावा लागतो तो याचसाठी.

४. बी चिरली की लोणचं गेलं.

हा धडा माझ्या सासूबाईंचा. त्यांच्याकडे लिंबं चिरायला कुणीही बसलं की त्या पहिली चार लिंबं समोर बसून पाहत. "बी चिरू नको वं पोरी, बाकी मंग काही बी कर," एवढंच म्हणत.

अखंड बीवर चिवट आवरण असतं. ती चुकून लोणच्यात राहिली तर थोडं नुकसान करते. चिरलेली बी मात्र आपला सगळा कडूपणा खारात सोडते, आणि खार सगळ्या फोडींना लागतो. एका बरणीत दहा-बारा बिया अर्ध्या कापल्या गेल्या तरी चव बदलते.

कागदी लिंबाच्या बिया मधल्या पांढऱ्या दांडीला चिकटून, तिच्याभोवती असतात. आपण लिंबू देठापासून बुडापर्यंत बरोबर मधोमध चिरतो तेव्हा धार नेमकी बियांच्या घोळक्यातून जाते. म्हणून मधोमध चिरायचं नाही. लिंबू पाटावर आडवं ठेवायचं, देठ डावीकडे, आणि सुरी मध्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी बाजूला लावून देठापासून बुडापर्यंत खाली आणायची. आता एका भागात दांडी आणि बहुतेक बिया राहतात, दुसरा भाग जवळपास मोकळा असतो. दांडीच्या भागातून सुरीच्या टोकाने बिया उचकटून काढायच्या आणि मग ती पांढरी दांडी निमुळता काप देऊन अलगद काढून टाकायची. दांडी काढणं हे काम पुष्कळ जणी सोडून देतात. पण पांढरा भाग म्हणजे कडूपणाचं दुसरं कोठार, आणि ती दांडी कधीच नीट मुरतही नाही. त्यानंतर प्रत्येक अर्ध्याच्या दोन फोडी करायच्या. लिंबू मोठं असेल तर तीन.

बिया काढताना फोड पिळायची नाही. अंगठ्याने दाबून बिया उडवणं झटपट होतं, पण त्यात गराच्या पिशव्या फुटतात, पापुद्रे फाटतात, सालीतलं तेल रसात उतरतं. ताटावर टपकलेला रस मात्र वाया घालवू नये. तो गाळून बरणीत जातो.

धार चांगली हवी. बोथट सुरी साल कापत नाही, दाबते, आणि दाबल्याने तेल सुटतं. विळीवर चिरायची सवय असेल तर स्टीलच्या पात्याची विळी घ्यावी. जुन्या लोखंडी विळीवर लिंबाचा आम्ल रस लोखंडाला लागतो, फोडींच्या कडा काळवंडतात आणि एक कसनुसी, धातूची चव येते, जिला लोक कडूपणाच समजतात. तोच नियम ताटाला. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं यात आणू नये.

५. फोडी रसात बुडाल्या पाहिजेत, म्हणून काही लिंबं फक्त पिळण्यासाठी घ्यावीत.

सरबतासाठी पिळून उरलेल्या सालींचं लोणचं करणाऱ्या घरांत ते कडू का होतं, याचं उत्तर इथे आहे. त्यात साल आणि पांढरा भाग सगळा, आणि आंबटपणा जवळपास नाही. लिंबाच्या लोणच्यात कडूपणा शून्य कधीच होत नाही. आंबट, खारट आणि नंतर गोड-तिखट यांनी तो झाकला जातो. मीठ तर जिभेवर कडूपणा दाबतंच. रस कमी पडला की हा सगळा तोल जातो.

माझं प्रमाण असं. दोन किलो पिवळी लिंबं आणली तर दीड किलोच्या फोडी करायच्या आणि अर्धा किलोचा रस काढायचा. कागदी लिंबाचं वजन साधारण चाळीस ग्रॅम धरलं तर दीड किलोत सदतीस-अडतीस लिंबं बसतात. बिया आणि दांड्या काढल्यावर फोडी चौदाशे ग्रॅमच्या आसपास उरतात. अर्धा किलो लिंबांतून दोनशे ते सव्वादोनशे मिलिलिटर रस निघतो, आणि तो गाळणीतून गाळायचा, म्हणजे चुकार बी आणि पापुद्रे वेगळे होतात. या सगळ्याला साडेतीनशे ग्रॅम जाडं मीठ. म्हणजे फोडी आणि रस यांच्या वजनाच्या शेकडा एकवीस-बावीस. गोड लोणचं करायचं असेल तर तीनशेवर भागतं, कारण पुढे गुळाचाही टिकायला हातभार लागतो. पण शेकडा पंधराच्या खाली मी कधीच जात नाही. मीठ कमी पडलं की खार फसफसू लागतो, वरच्या फोडींवर पांढरं बसतं. मिठाचे खडे ओलसर वाटले तर तव्यावर कोरडे गरम करून गार करून घ्यावेत.

६. पहिले काही आठवडे बरणीत फक्त मीठ आणि हळद.

मसाला एकदमच घालून मोकळं व्हावं असं सगळ्यांना वाटतं. त्यात दोन तोटे आहेत. तेल घातलं तर ते फोडीवर थर धरतं आणि मीठ आत जायला वेळ लागतो. आणि दुसरं, लोणचं कडू झालंच तर लिंबाने केलं की मेथीने, हे मग कळत नाही.

म्हणून परातीत फोडींना मीठ आणि दोन चमचे हळद चोळायची, तासभर झाकून ठेवायचं, आणि सुटलेल्या पाण्यासकट चिनीमातीच्या बरणीत भरायचं. सालीची बाजू खाली आणि गराची वर अशी पहिली फळी लावली तर रस लवकर सुटतो. वरून गाळलेला रस ओतायचा, कोरड्या लाकडी कालथ्याने फोडी दाबायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खार फोडींच्या वर आलेला दिसला पाहिजे. आला नाही तर आणखी चार लिंबं पिळून घालायची. पाणी कधीही नाही.

बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा आणि रोज सकाळी हलवायची. बरणी उचलून गोल फिरवली की पुरे, चमचा घालायची गरज नाही. पहिले पंधरा दिवस हा नेम चुकवू नये, कारण वर तरंगणारी फोड कोरडी पडते, आणि कोरडी पडलेली साल कडू ती कडूच राहते.

उन्हाबद्दल वऱ्हाडात वेगळा विचार करावा लागतो. माघ-फाल्गुनाचं ऊन चांगलं. दुपारी तीन-चार तास बरणी अंगणात ठेवली की मुरायला गती येते. पण अकोल्याचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, आणि गच्चीवर काचेची बरणी ठेवली तर आतला खार हाताला पोळेल इतका तापतो. अशा तापण्याने फोडी काळपट, चिवट होतात आणि वाफवलेल्या फोडींसारखाच कडूपणा उतरतो. त्या दिवसांत बरणी ओसरीत, उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवावी. उष्णता तशीही भरपूर असते.

मुरलं कधी समजायचं? हिवाळ्यात सव्वा ते दीड महिना, उन्हाळ्यात तीन-चार आठवडे लागतात, पण दिवस मोजण्यापेक्षा फोड पाहावी. हिरवट-पिवळा रंग जाऊन साल मधासारखी तांबूस होते. सालीखालचा पांढरा थर पांढरा राहत नाही, उजेडात धरला तर पारदर्शक दिसतो. दोन बोटांत फोड दाबली तर साल मोडत नाही, दबते. आणि खार पातळ पाण्यासारखा न राहता चमच्यावर ओघळताना जरा दाट दिसतो. हा दाटपणा सालीतल्या पेक्टिनचा, ज्याने मुरंबाही घट्ट होतो.

मग शेवटची परीक्षा. फक्त सालीचा तुकडा घ्यायचा, गर काढून टाकायचा, नीट चावून गिळायचा आणि अर्धा मिनिट काहीही न खाता थांबायचं. पहिल्या चवीवर निकाल द्यायचा नाही. अर्ध्या मिनिटानंतर जिभेच्या मुळाशी काही उरलं नाही तर लोणचं मसाल्याला तयार आहे. थोडं उरलं तर आणखी पंधरा दिवस.

७. मसाल्यात मेथीवर नजर ठेवावी.

वरच्या प्रमाणाला मी शंभर ग्रॅम तिखट, पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, सपाट एक चमचा मेथी आणि अर्धा चमचा हिंग घेते. मेथी थोड्या तेलात मंद आचेवर तळते आणि रंग बदलायला लागला की लगेच उतरवते, कारण ती गरम तेलात पुढेही भाजत राहते. बदामी मेथी खमंग लागते, तपकिरी कडू. मोहरी अख्खी न कुटता डाळच घ्यावी, आणि ती जाडसर ठेवावी. फोडणी केलीच तर पूर्ण गार झाल्यावर ओतायची.

आमच्या घरी अर्धं लोणचं तिखट आणि अर्धं उपासाचं होतं. उपासाच्याला मोहरी-मेथी-हिंग चालत नाही, नुसतं जिऱ्याची पूड, तिखट आणि साखर किंवा गूळ, आणि मीठही मी सुरुवातीलाच वेगळ्या बरणीत, कमी प्रमाणात लावते. ज्यांना कडूपणाची भीती वाटते त्यांनी आधी हे करून पाहावं. मसाल्याचा कडूपणा त्यात येण्याचा प्रश्नच नसतो.

८. कडू झालेली बरणी फेकायच्या आधी तपासावी.

माझ्या चुलत नणंदेने परतवाड्याहून एक बरणी पाठवली. "वहिनी, पाहून सांगा, ठेवू का फेकू," असा निरोप होता. लोणचं मसाला घालून तयार होतं.

मी आधी खार चाटला. तिखट, खारट, आणि मागून कडू. मग एक फोड कोमट पाण्यात झटकन खंगाळून मसाला काढला आणि नुसती चावली. अर्ध्या मिनिटाने कडूपणा आला, खारापेक्षा जास्त. म्हणजे मेथीचा दोष नव्हे, फळाचा. मग बशीत दहा-बारा फोडी उलटून पाहिल्या. जवळपास प्रत्येकीत पांढरी दांडी होती आणि तीन-चार फोडींत कापलेल्या बिया. सालीचा पांढरा थर अजून दुधी होता, म्हणजे पुरतं मुरलेलंही नव्हतं. फोनवर विचारलं तेव्हा कळलं की लिंबं श्रावणातली, हिरवी, आणि वीस दिवसांनीच मसाला घातला होता.

यावर जे करता येतं ते केलं. फोडी एकेक काढून कापलेल्या बिया आणि दांड्या निवडून टाकल्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण कडूपणाचा उगम बरणीत ठेवून वरून गूळ ओतण्यात अर्थ नाही. खारापैकी निम्मा काढून टाकला, कारण बियांतून सुटलेलं सगळं त्यातच होतं. किलोभर फोडींमागे आठ ताज्या पिवळ्या लिंबांचा रस आणि पन्नास ग्रॅम मीठ घातलं, आणि बरणी महिनाभर तशीच मुरू दिली, रोज हलवत. नंतर किलोमागे चारशे ग्रॅम चिरलेला गूळ. गूळ आधी घालायचा नाही, कारण मीठ आणि आंबट रस आत शिरून साल मऊ झाल्याशिवाय गोडी फोडीत जात नाही, बाहेरच पाक होऊन राहते.

लोणचं बरं झालं, उत्तम नाही. मागचा कडूपणा गेला नाही, पण भाकरीसोबत खाताना जाणवेनासा झाला. हिरव्या लिंबाच्या पांढऱ्या थरातला कडूपणा पूर्ण काढायची युक्ती मला कुणाकडे सापडलेली नाही. बरणी मेथीने कडू झालेली असती तर गोष्ट सोपी होती. खार बदलून, रस-मीठ नव्याने घालून ती बहुतेक पूर्ववत होते.

वरच्या फोडींवर हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा झाकण काढताच आंबूस, दारूसारखा वास आला, तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. ते कडूपणाचं प्रकरण नव्हे, ती बरणी रिकामी करून, घासून, कडक उन्हात दोन दिवस उलटी वाळवावी आणि पुढच्या पौषात नवी लिंबं आणावीत.